दहाचे पैंजण, पण पायात रुतणारे : एका मापाचं प्रकरण

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमच्या काउंटरला पैंजण-जोडव्यांची मापं घ्यायचं काम माझ्याकडे आहे. गिऱ्हाईक बहुतेक बायका, आणि पायाला हात लावून माप घ्यायचं म्हटल्यावर बाईमाणूसच बरं पडतं. घडणावळीचं काम हुपरीला होतं. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात घरोघरी चांदीकाम चालतं आणि पैंजण ही तिथली खासियत. कारागीर हुपरीत, पाय कोल्हापुरात, त्यामुळे दोघांच्या मध्ये जो कागद जातो त्यावरचं माप चुकलं तर कितीही सुबक माल कपाटात पडून राहतो. एका सासू-सुनेचं प्रकरण इथे सविस्तर मांडते, कारण पैंजण आणि जोडवी या दोन्हींच्या मापात सहसा जे जे घोळ होतात ते सगळे त्यात एकत्र आले होते.

सून माध्यमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिवसभर वर्गात उभं राहणं, आणि घरी आल्यावर जेवायला, पूजेला जमिनीवर बसणं. लग्नात दुसऱ्या एका दुकानातून तिला पैंजण आणि जोडवी घेतली होती. सासूबाई आल्या त्या थोड्या रागातच.

"सांजच्याला घरी आली की पयलं पैंजण काढून ठेवती बघा. रुततंय म्हणती. दहाचंच घेतलंय की! माझं बी दहाचंच हाय, मला कधी न्हाई रुतलं."

सून काही बोलली नाही. तिने नुसती साडी चार बोटं वर केली. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली पैंजणाच्या कड्यांची नक्षी जशीच्या तशी कातडीवर उमटली होती. डाव्या पायाला खूण होती, पण फिकट. जोडव्यांचंही गाऱ्हाणं होतंच: डाव्या पायातलं एकदा अंघोळीत निसटून मोरीच्या जाळीवर सापडलं, तेव्हा नवऱ्याने पक्कड घेऊन दोन्ही जोडवी दाबून दिली, आणि तेव्हापासून उजव्या बोटाला चिमटे बसायला लागले.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. दोघींचे पैंजण खरोखर दहाचेच होते. दुकानात पैंजण नऊ, साडेनऊ, दहा, साडेदहा, अकरा असे इंचांत मागितले जातात आणि हा आकडा म्हणजे पैंजण टेबलावर सरळ पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेली लांबी. पायाला मात्र पसरलेल्या लांबीशी काही देणंघेणं नसतं. हूक लावून गोल झाल्यावर आतल्या बाजूने किती घेर उरतो, तेवढाच पायाच्या वाट्याला येतो. या दोन आकड्यांत किती फरक पडतो ते पैंजणाच्या जाडीवर ठरतं.

हे मी दोघींना तिथेच मोजून दाखवलं. सुनेचे पैंजण पसरून मोजले तर बरोबर २५.४ सेंटीमीटर, म्हणजे दहा इंच. मग हूक लावला, एक सेंटीमीटर रुंदीची कागदाची पट्टी आतून पैंजणाला चिकटून फिरवली, जिथे टोक टोकावर आलं तिथे पेनाने खूण केली आणि पट्टी उलगडून मोजली. २४ सेंटीमीटर. चौदा मिलिमीटर गेले कुठे? हूक शेवटच्या कडीत अडकतो तेव्हा टोकं एकमेकांवर येतात, त्यात पाचेक मिलिमीटर जातात. उरलेले जाडीत जातात. पट्टी गोल वळली की बाहेरची बाजू मोठा घेर घेते आणि आतली लहान, आणि सरळ लांबीपेक्षा आतला घेर जाडीच्या तिपटीहून किंचित जास्त कमी होतो. सुनेच्या पैंजणाच्या कड्या ३ मिलिमीटर जाड होत्या, म्हणजे जवळपास ९ मिलिमीटर त्यात गेले. सासूबाईंच्या पायात होती बारीक साखळी, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. तिचा हूकही लहान. ती आतून मोजली तर २४.६ भरली. आकडा दोघींचा एकच, पण आतली जागा सासूबाईंना सहा मिलिमीटर जास्त, आणि वर त्यांचा घोटा सुनेपेक्षा बारीक.

"म्हंजे हिचं खोटं न्हवतं तर," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी स्वतःच स्टूल ओढून सुनेला बसवलं.

आता पाय. घोट्याचं माप घेताना सगळ्यात जास्त गल्लत होते ती जागेची. घरी टेप लावणारी बाई बहुधा घोट्याच्या वर, पाय जिथे सर्वांत बारीक आहे तिथे टेप गुंडाळते, कारण तिथे तो नीट बसतो. पण पैंजण तिथे राहत नाहीत. ते खाली सरकतात आणि मागे टाचेच्या वरच्या शिरेवर, दोन्ही बाजूंना घोट्याच्या हाडांवर किंवा हाडांच्या जरा खाली, आणि पुढे पाऊल जिथे वाकतं त्या खोबणीच्या वर असे तिरपे विसावतात. सुनेच्या उजव्या पायाची बारीक जागा २१.५ सेंटीमीटर होती. त्यावर एक-दोन सेंटीमीटर वाढवून कुणी पैंजण दिले असते तर ते हूक लागण्यापुरतेही पुरले नसते. म्हणून मी पट्टी जिथे पैंजण विसावणार त्याच तिरप्या वाटेने फिरवते. पट्टीची रुंदीही पैंजणाएवढीच घेते. शिंप्याचा टेप रुंद असतो, निमुळत्या पायावर त्याची वरची कड सैल राहते आणि खालची ताणते, मग माप कुठल्या कडेचं धरायचं हे कळत नाही. दोरा तर अजिबात घेत नाही, तो ओढू तसा ताणतो.

त्या आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सून शाळेतून थेट आली होती. हे बरंच झालं. दिवसभर उभं राहिलं की पायात पाणी उतरतं आणि संध्याकाळी घोट्याचा घेर वाढतो. सकाळी घेतलेल्या मापाचे पैंजण दुपारपर्यंत छान असतात आणि चारनंतर बोचायला लागतात. उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उजवा पाय भरला २४.४, डावा २३.८. मग तिला उकिडवं बसायला सांगितलं. उकिडवं बसताना पाऊल नडगीकडे दाबलं जातं, पुढच्या शिरा वर येतात आणि घोट्याच्या पुढचा भाग फुगतो. तसं बसल्यावर उजवा पाय २४.९ झाला आणि डावा २४.२. सकाळी उठल्या उठल्या घरी माप घेऊन फोनवर कळवायला तिला कागदाची पट्टी दिली होती. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, उजवा २३.८, डावा २३.३.

आता हिशेब समोर मांडून बघितला की तिचं दुखणं लख्ख कळतं. पैंजणाचा आतला घेर २४.०. सकाळी उजव्या पायात दोन मिलिमीटरची जागा, म्हणजे घालताना "बसले की" असं वाटणार. संध्याकाळी तोच पाय २४.४, म्हणजे पैंजण पायापेक्षा चार मिलिमीटर लहान, आणि उकिडवं बसलं की नऊ मिलिमीटर लहान. डाव्या पायाला संध्याकाळीही दोन मिलिमीटर उरत होते, म्हणून तिथली खूण फिकट. घट्ट पैंजणाचा आणखी एक त्रास मांडी घालून बसताना होतो. मांडीत घोट्याचं बाहेरचं हाड जमिनीला टेकतं. पैंजण सैल असतील तर बायका नकळत ते बोटभर वर सरकवून बसतात. घट्ट पैंजण सरकत नाहीत, मग हाड आणि फरशी यांच्यामध्ये ती कडी सापडते. सुनेच्या नक्षीची खूण बरोबर त्याच जागी होती.

उजवा पाय डाव्यापेक्षा सहा मिलिमीटर जास्त, हे मला जरा खटकलं. दोन पायांत थोडा फरक असतोच, पण एकच पाय जास्त सुजत असेल तर आधी ते बघावं लागतं. घोट्याच्या वर अंगठ्याने काही सेकंद दाबून सोडलं. कातडी लगेच पूर्ववत झाली. खड्डा तसाच राहिला असता तर मी माप घेतलंच नसतं, आधी डॉक्टरांना दाखवून या म्हटलं असतं. सुजलेल्या पायाचं माप घेऊन काही उपयोग नाही, सूज उतरली की ते पैंजण लोंबतात, आणि सूज कशाची आहे हे बघणं दागिन्यापेक्षा तातडीचं असतं. तिने सांगितलं की कॉलेजात असताना कबड्डी खेळताना तो घोटा मुरगळला होता, तेव्हापासून तो थोडा जाडच आहे, सकाळीही. सकाळच्या मापातही पाच मिलिमीटरचा फरक होताच, म्हणजे हा कायमचा फरक होता.

किती सैल ठेवायचं याचा माझा अंदाज असा: हूक लावल्यावर आतला घेर संध्याकाळच्या उभ्या मापापेक्षा १ ते दीड सेंटीमीटर जास्त. मध्यम जाडीच्या पैंजणाला मी १२ मिलिमीटर धरते. एवढी जागा असली की पायावर एक बोट आडवं घालून पैंजणाखालून सहज फिरवता येतं, उकिडवं बसलं तरी काही मिलिमीटर शिल्लक राहतात, आणि चालताना पैंजण हलतो पण टाचेकडे घसरत नाही. घुंगरांचे पैंजण वाजायलाही ही जागा लागते. पायाला घट्ट आवळलेल्या पैंजणाची घुंगरं दबून राहतात आणि आवाज बसका येतो. दुसऱ्या टोकाला अती सैल पैंजणही त्रासदायकच. मागची बाजू चपलेच्या काठावर आपटते, खालची घुंगरं चेपतात, हूक साडीच्या काठात अडकतो, आणि जिना चढताना पायावर पाय घासला तर एक पैंजण दुसऱ्यात गुंततो. "वाढता पाय आहे, मोठंच द्या" असं लहान मुलींच्या आया म्हणतात तेव्हाही मी जास्तीच्या कड्या लावून देते, पण मोठा घेर देत नाही.

तर उजव्या पायाला आतला घेर हवा २४.४ अधिक १.२, म्हणजे २५.६. त्यात हुकाचे ५ मिलिमीटर आणि जाडीचे ९ मिलिमीटर मिळवले की पसरलेली लांबी २७ सेंटीमीटर येते. तसाच हिशेब डाव्याला २६.४ देतो. इंचांत बघितलं तर दोन्ही साडेदहाच्या आसपास, एक जरा खाली, एक जरा वर. तयार माल घ्यायचा असता तर साडेदहाचा जोड घेऊन काम चाललं असतं. पण हे पैंजण लग्नातले, सुनेला त्यांची नक्षी आवडलेली, आणि ते मोडीत घालायची तिची इच्छा नव्हती. वाढवता येतील का, एवढंच तिने विचारलं.

वाढवता येतात, पण कुठे वाढवायचे हे नक्षीवर ठरतं. पैंजण म्हणजे एकासारख्या एक तुकड्यांची माळ असते. साधी चांदी असेल तर कारागीर मधला जोड उघडून एक तुकडा वाढवतो आणि पुन्हा डाग देऊन जोडतो, पॉलिश झाल्यावर ते ओळखूही येत नाही. या पैंजणांत मात्र दर दोन तुकड्यांनंतर लाल-हिरव्या मिन्याचं फूल होतं. डाग द्यायचा म्हणजे जोडावर आच लागते, आणि ती शेजारच्या मिन्याला लागली की रंग काळवंडतो किंवा तडकून निघतो. म्हणून मध्ये हात घालायचा नाही असं ठरवलं आणि वाढ हुकाच्या बाजूला दिली, जिथे शेवटचा मिना बऱ्यापैकी लांब होता. दोन्ही पैंजणांना हुकाच्या टोकाला १ सेंटीमीटरचा, त्याच जाडीच्या साध्या कड्यांचा तुकडा. २५.४ चे झाले २६.४, म्हणजे डाव्याचं माप पुरं झालं. पुढे दोन्हींना तीन-तीन मिलिमीटरच्या दोन सुट्या कड्या. डाव्याचा हूक आतल्या जागेत, उजव्याचा शेवटच्या कडीत. जोड दिसायला सारखाच राहिला आणि पाय मात्र ज्याच्या त्याच्या मापाने मोकळे झाले. पुढे बाळंतपणात पाय सुजले तर डावा पैंजणही शेवटच्या कडीत लावता येईल, हे सासूबाईंनी आपणहून हेरलं आणि त्यावर सून लाजली.

हुपरीला जो कागद गेला त्यावर मी इंच लिहिले नाहीत. लिहिलं ते असं: हूक लावून आतून डावा २५.०, उजवा २५.६, कडीची जाडी ३, मिन्याला आच नको. शिवाय हुकाचं तोंड कातडीकडे नको, बाहेर वळवा. हूक घालताना तो मागे, थोडा आतल्या बाजूला ठेवायचा असं मी सुनेला दाखवलं. बाहेरच्या हाडावर आला तर मांडी घालताना तोच टोचतो.

जोडव्यांचा गुंता वेगळा होता, आणि मला तो पैंजणांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पैंजण नको वाटले की काढून ठेवता येतात. जोडवी कितीतरी बायका कधीच काढत नाहीत. जी वस्तू रात्रंदिवस बोटात राहणार तिला एका मिलिमीटरची चूकही फार होते.

पायाचं बोट हाताच्या बोटासारखं नसतं. मुळाशी ते बारीक, आणि पुढे टोकाकडे गादी फुगलेली. जोडवं मुळाशी बसतं आणि निघायचं झालं तर त्या फुगवट्यावरून निघावं लागतं. म्हणून मापं दोन घ्यायची, मुळाचं आणि फुगवट्याचं. जोडव्याचा आतला घेर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असला पाहिजे: मुळापेक्षा एक मिलिमीटरभर जास्त, म्हणजे ते फिरेल, आणि फुगवट्यापेक्षा कमी, म्हणजे ते आपोआप सुटणार नाही. पूर्ण बंद वळं असेल तर ते फुगवट्यावरूनच चढवावं लागतं, मग ते मुळाशी हमखास सैल राहतं. आपल्याकडची जोडवी खालून उघडी ठेवण्याची पद्धत या अडचणीवरचा साधा उपाय आहे. थोडी फाकवून चढवायची आणि परत जागेवर आणायची.

मापं उभं राहूनच. बसलेली असताना सुनेचं उजवं बोट मुळाशी ४५.५ मिलिमीटर भरलं, उभी राहिल्यावर ४७. भार पडला की बोट चपटं होऊन पसरतं. पट्टी इथे तीनच मिलिमीटर रुंदीची घेतली, कारण जोडव्याची खालची बाजू साधारण तेवढीच रुंद हवी. फुगवटा ५०. डावं बोट मुळाशी ४६, फुगवटा ४८. आता जोडवी. दाबलेली असली तरी मूळ घेर किती असावा हे कळायला मार्ग होता: पट्टीची लांबी बदलत नाही, तोंडं फक्त जवळ येतात. ती परत जुन्या अंतरावर धरून मोजलं तर दोन्ही साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास येत होती.

म्हणजे उजवं जोडवं मुळात चांगलंच बसत होतं. ४७ च्या मुळावर साडेअठ्ठेचाळीस, पुढे ५० चा फुगवटा, सुटायची भीती नाही. अडचण फक्त डाव्याची होती. तिथे फुगवटाच ४८, साडेअठ्ठेचाळीसचं जोडवं साबणाच्या पाण्यात निसटणारच. त्यातून गार पाण्यात बोटं आक्रसतात. एक सुटलं म्हणून दोन्ही दाबली, आणि बरं चाललेलं उजवं ४५ वर आलं. बोट ४७, जोडवं ४५. तोंडं एकमेकांवर चढली होती, आणि पाऊल टेकलं की बोटाची पसरलेली कातडी त्या दोन टोकांच्या फटीत सापडत होती. चिमटे बसत होते ते तिथे. बोट वर उचलून बघितलं तर खाली छोटी लाल रेघ आणि तिच्या टोकाला घट्टा धरायला सुरुवात झालेली.

तीच जोडवी ठेवता येतील का हे आधी बघितलं. उजव्याला पकडीचे दात उमटले होते आणि वाकवलेल्या जागी बारीक तडा दिसत होता. चांदी वाकवत गेलं की कडक होत जाते. कारागीर ती तापवून पुन्हा मऊ करतो आणि मग निमुळत्या लोखंडी दांड्यावर लाकडी हातोडीने गोल करतो. घरी ते होत नाही, घरी फक्त वाकवणं होतं, आणि चार वेळा वाकवलं की तुटतं. तडा गेलेलं जोडवं बोटात ठेवणं धोक्याचं, त्याची कड ब्लेडसारखी होते. डावं दुरुस्त होण्याजोगं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "एक जुनं एक नवं कशाला, जोडच करा." चांदी त्याच जोडव्यांची घातली.

नव्या जोडाची मापं: उजवं ४८, डावं ४७. डाव्याला दोन्ही बाजूंना एकेकच मिलिमीटर होता, त्यामुळे तिथे आकड्यावर विसंबून भागणार नव्हतं, साबण लावून बघावंच लागणार होतं. हे मी आधीच सांगून ठेवलं. मूळ आणि फुगवटा यांत याहूनही कमी फरक असेल तर मी एका पट्टीऐवजी दोन-तीन वेढ्यांचं जोडवं सुचवते. ते बोटाचा जास्त भाग धरतं म्हणून घसरत नाही. पण वेढ्यांचं जोडवं रुंद, आणि रुंदीला पायाच्या बोटात मर्यादा आहे. सुनेचं बोट खालून बघितलं, बोटांमधल्या बेचकीपासून पहिल्या घडीपर्यंत जेमतेम ९ मिलिमीटर जागा होती. तिच्या जुन्या जोडव्याची पट्टी खालीही ८ मिलिमीटर रुंद होती. टाच उचलली, म्हणजे चालताना दर पावलाला, बोट मुळातून वर वाकतं आणि ही जागा आणखी कमी होते. मग जोडव्याची मागची कड बेचकीत घुसते. म्हणून नवं जोडवं वरून ७ मिलिमीटर नक्षीचं आणि खाली निमुळतं होत साडेतीन मिलिमीटर, खालची बाजू चपटी, टोकं गोल घासलेली आणि त्यांच्यात ३ मिलिमीटरचं अंतर. टोकं भिडवायची नाहीत, भिडली की चिमटा आलाच.

एक गोष्ट मी प्रत्येकीला विचारते: चप्पल कुठली घालता? सुनेच्या पायात कोल्हापुरी होती, शाळेत तीच. कोल्हापुरीत अंगठा चामड्याच्या वळ्यात जातो आणि ते वळं नेमकं अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये येतं, जोडव्याला खेटून. जुन्या जोडव्याला दोन्ही बाजूंना चांदीचे गोळे होते. अंगठ्याकडचा गोळा चामड्यात रुतत होता आणि चामड्यावर त्याचा खळगा पडला होता. हे तिने कधी जोडव्याचं दुखणं म्हणून धरलंच नव्हतं, तिला वाटायचं चप्पल लागते. नव्या जोडव्याच्या कडा सपाट ठेवल्या आणि नक्षी फक्त वर घेतली. माप बघायलाही चप्पल घालूनच चालायला लावलं. अनवाणी अगदी छान बसणारं जोडवं कोल्हापुरीत घातलं की अंगठ्याच्या वळ्याने एका बाजूला ढकललं जातं, हे घालून बघितल्याशिवाय कळत नाही.

माल हुपरीहून आला तेव्हा दोघी पुन्हा संध्याकाळीच आल्या. पैंजण घालून, बोट फिरवून, उकिडवं बसून, मांडी घालून, दुकानाच्या दोन पायऱ्या चढून-उतरून बघितलं. जोडव्यांना टाचा उचलून चवड्यांवर उभं केलं. उजवं फिरत होतं, निघत नव्हतं. डाव्याला साबणाचं पाणी लावून सुनेने स्वतः ओढलं. ते फुगवट्यापर्यंत आलं आणि तिथे अडलं, जरा जोर लावल्यावर सुटलं. ही सुटका मला पुरेशी अवघड वाटली नाही. कारागिराकडे न पाठवता मी तिथेच निमुळत्या दांड्यावर ते अर्धा मिलिमीटर आत घेतलं. तोंडाचं अंतर तीनवरून अडीच झालं. पुन्हा साबण लावून ओढलं, निघालं नाही.

आठवड्याभराने काय बघायचं तेही सांगितलं. संध्याकाळी पैंजण वर सरकवून कातडी बघायची. फिकट ठसा असेल आणि थोड्या वेळात जात असेल तर ठीक. नक्षी वाचता येईल इतका खोल ठसा असेल, किंवा रात्री झोपेपर्यंत टिकत असेल, तर एक कडी पुढे. जोडव्याखालची कातडी पांढरट, ओलसर दिसायला लागली तर पाणी अडकतंय असं समजायचं, विशेषतः पावसाळ्यात. जोडवं फिरवून खालचा भाग कोरडा करायचा, आणि जोडवं फिरतच नसेल तर ते घट्ट झालं असं धरून दुकानात यायचं, पक्कड हातात घ्यायची नाही.

त्यानंतर सून एकटीच एकदा येऊन गेली. उजवा पैंजण सकाळी जरा खाली लोंबतो म्हणाली, जे होणारच होतं: सकाळी त्या पायात १८ मिलिमीटरची जागा असते. सकाळी एक कडी आत आणि शाळेतून आल्यावर एक कडी बाहेर, असं ती आपणहूनच करत होती. डावं जोडवं जागेवर होतं. उजव्या बोटाखालचा घट्टा अजून पुरता गेलेला नव्हता, पण लाल रेघ नव्हती. सासूबाईंनी तिच्या हाती स्वतःची बारीक साखळी पाठवली होती, हूक सैल झाला होता म्हणून, आणि सोबत दोन कागदाच्या पट्ट्या, त्यांच्या दोन्ही पायांच्या, संध्याकाळी उभं राहून घेतलेल्या.